शोध मसुद्यातच लागू दे

प्रश्न : ताई, दिवाळी अंकासाठी एक लघुकथा लिहितेय, सोबत जोडली आहे. नायिका किल्लारीजवळच्या पुनर्वसित गावातली, पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अमेरिकेत भूकंपरोधक बांधकाम शिकायला जायचं म्हणून होस्टेलवर रात्री स्टेटमेंट ऑफ पर्पज लिहीत बसते. बाराची मुदत असते. लिहिता लिहिता तिला आजोबांची विहीर आठवते आणि कळतं, आपल्याला भूजल शिकायचंय. तिघांना वाचायला दिली, तिघंही म्हणाले शेवट अचानक येतो. एक मैत्रीण म्हणाली, हे तिला चार वर्षांत आधी कसं नाही कळलं? मी मध्ये स्वप्न घालून पाहिलं, आईचा फोन घालून पाहिला. जमत नाही. शेवट बदलू का?
— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : शेवट बदलू नकोस. कथा वाचली, आणि तुझ्या वाचकांना जे खटकलं त्याचं मूळ मला पहिल्या दोन पानांत दिसलं. तुझी नायिका रात्रभर लिहितेय, पण तिनं लिहिलेलं एकही वाक्य तू आम्हाला वाचू देत नाहीस. "तिनं एक परिच्छेद लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला." इतकंच येतं. स्टेटमेंटमध्ये काय आहे हेच माहीत नसेल, तर त्यात काय बदललं हे वाचकाला कसं कळणार? म्हणून तुला विहीर दरवेळी बाहेरून आणावी लागते. आठवण काय, स्वप्न काय, आईचा फोन काय, तिन्हींमधून ती बाहेरूनच येते. ती तिच्या मसुद्यातूनच निघाली पाहिजे, आणि तुझ्या कथेत त्याची सगळी सामग्री आधीच आहे.

आधी तो मसुदा लिहून काढ. स्टेटमेंट ती इंग्रजीत लिहितेय हे एकदा सांगून टाक आणि पुढे तिची वाक्यं सरळ मराठीत दे. विद्यापीठाला त्यातून तीन गोष्टी हव्या असतात : इथे येऊन तू काय शोधणार, त्यासाठी आजवर काय केलंस, आणि आमच्याकडे ते काम कोण करतं हे तुला माहीत आहे का. जागा दोन पानांची. पुष्कळ ठिकाणी हजार शब्दांची मर्यादा असते. पण आपल्याकडची मुलं पहिली जागा गावाच्या गोष्टीला देतात, तुझी नायिकाही देईल. ती कशी देईल, ते बघ :

"30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत असताना, माझ्या गावाची जमीन हादरली. काही सेकंदांत हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. त्या पहाटेनं मला स्ट्रक्चरल इंजिनिअर व्हायला शिकवलं."

यातलं भूकंपाबद्दलचं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण आज शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी 2003 च्या पुढे-मागे जन्मलेली. ती पहाट तिनं पाहिलेली नाही. विसर्जनाची रात्र, दमलेली माणसं, हे तुमच्या भागात कुणीही सांगायला बसलं की येणारं पहिलं वाक्य आहे. ते तिनं शाळेच्या भाषणात वापरलंय, कॉलेजच्या मुलाखतीत वापरलंय. तिला ते पाठ आहे. इथे तिला खोटी ठरवू नकोस, ती खोटं बोलत नाहीये. गावानं तिच्या हातात दिलेली गोष्ट ती प्रामाणिकपणे पुढे नेतेय. वाचकाला फक्त एवढं जाणवू दे की हा परिच्छेद लिहिताना तिचा हात कुठेही अडखळला नाही.

दुसरा परिच्छेद तांत्रिक असेल, आणि तो चांगला असू दे, कारण मुलगी हुशार आहे. जुन्या गावातली घरं का पडली हे तिला नीट माहीत आहे. दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंती, चिखलात बांधलेल्या. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये लहानमोठ्या दगडांची भर, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर माळवद, म्हणजे लाकडावर रचलेली टनावारी माती. हादरा बसला की भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटतात, बाहेर फुगतात आणि माळवद खाली येतं. उपायही तिला माहीत आहे : आरपार दगड घाला, कोपरे बांधा, दारं-खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरवा, छत हलकं करा. हे सगळं तिनं परीक्षेत लिहून गुण मिळवलेत.

आता या परिच्छेदाकडे तिच्या जागी बसून बघ. त्यात प्रश्नच नाही. भूकंप अभियांत्रिकीत न सुटलेले प्रश्न ढिगानं आहेत, कुणाला ते झोपू देत नाहीत. पण हिला त्यातला एकही छळत नाहीये. तिच्यासाठी हा विषय उत्तरांनी भरलेला आहे. आणि स्टेटमेंट तर विचारतंय, तू काय शोधणार? मसुदा अडतो तो इथे. "माझं ध्येय समाजासाठी सुरक्षित घरं उभारणं हे आहे" असं ती लिहील, आणि पुढे काय लिहावं ते सुचणार नाही. तुझ्या कथेत ती खिडकीत जाऊन चांदणं बघते ना, त्या जागी हे वाक्य अर्धवट सोडून दे. ते पुरेसं आहे.

मग विहीर कुठून येईल? भूकंपाच्याच परिच्छेदातून. पुनर्वसनात गावं उठून काही अंतरावर नवी वसली, पण शेतं जिथल्या तिथे राहिली आणि शेतातल्या विहिरीही. आजोबांची विहीर जुन्या शिवारात आहे, हे तू पाचव्या पानावर ओझरतं लिहिलंयस. ते पुढे आण. घरच्या नुकसानीबद्दल दोन ओळी लिहायच्या म्हणून ती लिहून जाते :

"आमचं घर पडलं. बैल गेला. भूकंपानंतर विहिरीचं पाणी दोन परस खाली गेलं आणि बांधापलीकडच्या विहिरीचं मात्र वर आलं, असं आजोबा सांगतात."

हे वाक्य तिनं सहज, यादी पुरी करायला लिहिलंय. त्याला काही खास वजन देऊ नकोस. पुढे जा.

आता कात्री आण. पूर्ण मसुदा साडेबाराशे शब्दांचा भरलाय आणि तिला अडीचशे काढायचेत. तुझ्या कथेला लागणारी घटना हीच आहे, कारण काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे तिला एकेका वाक्यावर ठरवावं लागतं. विसर्जनाचं वाक्य ती जड मनानं कापते. घर, बैल, सगळं जातं. विहिरीचं वाक्य तर पहिल्याच फटक्यात जायला हवं, स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगशी त्याचा काय संबंध? ती ते निवडते, उडवते, आणि परत आणते. काही वेळानं पुन्हा उडवते, पुन्हा आणते. का, ते तिला माहीत नाही, तूही सांगू नकोस. तिसऱ्या खेपेला ते वाक्य कापायच्या ऐवजी वाढतं :

"दोन्ही विहिरींत चाळीस पावलांचं अंतर आहे. दोन्ही एकाच काळ्या पाषाणात खणलेल्या. मग एकीचं पाणी उतरलं आणि दुसरीचं चढलं, ते का?"

साऱ्या स्टेटमेंटमधलं हे पहिलं प्रश्नचिन्ह असू दे. वाचकाला ते दिसेल, तिला अजून दिसलेलं नसेल. शोध अचानक वाटू नये याची खरी सोय हीच की वाचक तिच्या अर्धं पाऊल पुढे असावा.

हा प्रश्न खरा आहे, म्हणूनच तो कथेत टिकेल. भूकंपानंतर विहिरींची पातळी वर-खाली होते हे जगात अनेक ठिकाणी नोंदलं गेलंय. आपला पाषाण म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत खोल छिद्र घेतलं तेव्हा या थरांची एकूण जाडी 338 मीटर भरली, त्याखाली जुना खडक लागला. पण एवढ्या जाडीत पाणी सगळीकडे नसतं. अखंड दगडात ते जवळपास शिरतच नाही. ते असतं वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. हादऱ्यानं एखादी भेग उघडली तर पाणी तिकडे धावतं, गाळानं बुजली तर अडतं. त्यामुळे चाळीस पावलांवर दोन विहिरींचं नशीब वेगळं असू शकतं. आजोबांच्या विहिरीचं नेमकं काय झालं हे मात्र कुणी मोजलेलं नाही, आणि तुझ्या नायिकेला छळणारी गोष्ट तीच. एवढं सगळं कथेत कोंबू नकोस. तुला माहीत असलं की तिची तीन वाक्यं बरोबर पडतील.

तुझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर कथेत हवंच. चार वर्षांत तिला का कळलं नाही? कारण तिला पाणी वेगळ्या रूपात शिकवलं गेलं. भूजल हे जलविज्ञानाच्या पुस्तकातलं एक प्रकरण, आणि त्याची सुरुवात डार्सीच्या नियमापासून. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्यानं 1856 मध्ये वाळूनं भरलेल्या उभ्या नळीतून पाणी सोडून तो मांडला. त्यावरून विहिरीचं सूत्र येतं, आणि ते सूत्र धरून चालतं की विहिरीभोवतीची जमीन सगळीकडे सारखी आहे, पाणी चहूबाजूंनी सारखं येतंय. हे गणित तिनं सोडवलंय, पैकीच्या पैकी गुण घेतलेत. घरच्या विहिरीत मात्र पाणी एकाच कोपऱ्यातल्या झऱ्यातून येतं. वहीतली विहीर आणि शेतातली विहीर तिच्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नाहीत, कारण एक अभ्यास होता आणि दुसरं घरचं काम. त्या रात्री दोन्ही एकाच पानावर आल्या. तिनं आपली जुनी वही काढून ते सूत्र पाहावं आणि समासात स्वतःच्याच अक्षरातलं "जमीन एकसारखी मानू" हे वाक्य वाचावं. मैत्रिणीला पटायला एवढं बास आहे.

घरच्या कामाची पेरणी मात्र पहिल्याच पानावर करावी लागेल. सुट्टीत घरी गेली की ती दोरीला दगड बांधून विहिरीत सोडते, ओल्या भागापाशी गाठ मारते आणि आजोबांना हात मोजून दाखवते, असं काहीतरी. आजोबांनी सांगितलेलं काम, पाणी कुठवर आलंय बघून ये, एवढंच. ती ते फोनमध्ये तारखेसह लिहून ठेवते कारण आजोबा विचारतात, मागच्या वेळी किती होतं? हे सांगताना त्याला महत्त्व देऊ नकोस, मेसच्या डब्याच्या गोष्टीत मिसळून टाक. नंतर त्याच रात्री तिच्या लक्षात येतं की पुण्यातलीच भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, 1972 साली स्थापन झालेली, राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. आपण दोरीनं करत होतो ते काम कुणीतरी नोकरी म्हणून करतं. "आजवर काय केलंस" या रकान्यात लिहायला तिच्याकडे काही आहे, हे तिला इथे पहिल्यांदा कळतं.

स्टेटमेंटचा शेवटचा परिच्छेद तुझ्या कथेत नाहीच, आणि तुला सगळ्यात जास्त तो उपयोगी पडेल. त्यात विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांची नावं आणि त्यांच्या कामाशी आपलं नातं लिहायचं असतं. मुलं एकच साचा ठेवतात, विद्यापीठ बदललं की नावं बदलतात, आणि घाईत एखाद्या विद्यापीठाच्या अर्जात दुसऱ्याचं नाव तसंच जातं. तुझी नायिका रात्री दोनला हीच जागा भरत असेल. बांधकामाच्या प्राध्यापकांच्या पानांवरून ती शोधनिबंधांची शीर्षकं उचलते, आत काय आहे ते उघडत नाही. मग त्याच विभागाच्या यादीत खाली तिला भेगाळ खडकातल्या पाण्यावर काम करणारं कुणीतरी दिसतं. ती निबंध उघडते आणि पाऊण तास वाचत बसते. या निबंधाची तिला अर्जासाठी गरज नव्हती. तिला काय शिकायचंय हे वाचकाला सांगायला यापेक्षा मोठा पुरावा नको. खरं नाव वापरू नकोस, नुसतं "यादीतलं अकरावं नाव" म्हण.

घड्याळ दुरुस्त कर, कारण ते चुकलंय. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या विद्यापीठाची 15 डिसेंबरची मुदत तिथल्या रात्री 11:59 ला संपते. तेव्हा आपल्याकडे 16 तारखेच्या सकाळचे 10:29 वाजलेले असतात. बारा वाजण्याची तुझी धावपळ त्यामुळे खोटी पडते, आणि ज्यानं कधी असा अर्ज भरलाय त्याला ते लगेच कळेल. पण या चुकीच्या दुरुस्तीत तुझाच फायदा आहे. तुला अख्खी रात्र मिळते आणि वर सकाळचे काही तास, जेव्हा कॉलेजातली माणसं जागी असतात. एक मोह टाळ : भूकंपाची वेळ पहाटे चारच्या थोडी आधीची होती. तिला बरोबर त्या क्षणी घड्याळाकडे बघायला लावू नकोस. तो भूकंप तिचा नाही हेच तर आपण इतका वेळ दाखवतोय.

सकाळचे तास तुला कशाला हवेत? कारण निर्णयाची किंमत तिथे कळते. तिची तीन शिफारसपत्रं आधीच पोर्टलवर गेली आहेत आणि तिन्हींत लिहिलंय की ही मुलगी उत्तम स्ट्रक्चरल इंजिनिअर होईल. तू शेवटी "तिनं शांतपणे सबमिट केलं" असं लिहिलंयस. ते इतकं सोपं नसतं. अर्जात विषय बदलणं हे एका यादीतून दुसरं नाव निवडण्याइतकं लहान काम असू शकतं, कारण अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी बांधकाम आणि जलविज्ञान हे सिव्हिल आणि पर्यावरण अभियांत्रिकी या एकाच विभागात येतात. पण गेलेलं पत्र तिला परत लिहिता येत नाही. पत्रात एक आणि स्टेटमेंटमध्ये दुसरं असेल तर वाचणारा थबकतो. म्हणून तिला त्यातल्या निदान एका सरांना फोन करावा लागेल, आणि स्टेटमेंटमध्ये दोन ओळी लिहाव्या लागतील की माझ्या शिक्षकांनी मला बांधकामाची विद्यार्थिनी म्हणून ओळखलं, प्रश्न मात्र मला पाण्याचा पडलाय. तिला नीट उत्तर देता येईल अशी एकच बाजू असू दे : चाळीस पावलं, दोन विहिरी.

सरांचा फोन हाच तुझ्या कथेचा शेवटचा प्रसंग कर. सकाळी साडेआठला ती फोन लावते. सर चिडत नाहीत आणि कौतुकही करत नाहीत, ते शिक्षकासारखे प्रश्न विचारतात. तुझ्याकडे मोजमापं किती वर्षांची? दुसऱ्या विहिरीची आहेत का? नाहीत, ती म्हणते, ती विहीर दुसऱ्यांची आहे. मग त्यांना विचार, सर म्हणतात. सरांनी पत्राबद्दल काय ठरवलं ते सांगायचं की नाही, हे तू ठरव. मला वाटतं सांगावं, कारण रात्रभर वाचलेल्या वाचकाला ते जाणून घ्यायचा हक्क आहे. अर्जाचा निकाल मात्र कथेत आणू नकोस, तो मार्चपर्यंत लागत नाही आणि तुझी कथा एका रात्रीची आहे.

आईचा फोन आणि स्वप्न काढलंस की दीड पान मोकळं होईल, मसुद्याची वाक्यं तिथे बसतील. चांदण्याचा परिच्छेदही जाऊ दे. आजोबांचं "पाणी रुसलं" हे वाक्य तू शेवटी ठेवलंयस, ते सुंदर आहे. पण ते पहिल्या पानावर, दोरीच्या प्रसंगात घाल. शेवटी आलं तर ते उत्तर वाटतं, आणि तिला तर ते उत्तर पुरेसं वाटत नाही म्हणूनच ती शिकायला निघालीय. दिवाळी अंकांचे संपादक जुलै-ऑगस्टमध्येच मजकूर मागतात, तेव्हा पुढच्या आठवड्यात आधी फक्त तिचं स्टेटमेंट लिहून काढ. कथा बाजूला ठेव. हजार शब्दांचं, खरोखर अर्जाला जोडता येईल असं, पहिला मसुदा आणि शेवटचा मसुदा दोन्ही. त्यातली कुठली आठ-दहा वाक्यं कथेत घ्यायची ते त्यानंतर बघू. दोन्ही मसुदे मला पाठव.